हातउसन्याची पावती, वचनचिठ्ठी की करारनामा? पैसे देणाऱ्याला कोणता कागद वाचवतो

मृग लागायच्या तोंडावर बियाणे-खताची जुळवाजुळव सुरू झाली की वऱ्हाडात हातउसन्याचे व्यवहार वाढतात. बँकेचे पीककर्ज अडकलेले असते, म्हणून मित्र, साडू, मेव्हणा किंवा शेजारी मदतीला धावतो. "सोयाबीन निघालं का देतो, भाऊ" एवढ्या शब्दावर लाख-दोन लाख रुपये हातात दिले जातात. कागद करायचे म्हटले तर "माह्यावर भरोसा नाही का तुले?" असे ऐकून घ्यावे लागते. मग वहीच्या पानावर दोन ओळी लिहून खाली सही घेतली जाते.

भांडण झाल्यावर हाच कागद घेऊन माणूस वकिलाकडे जातो, तेव्हा कळते की कागद तर आहे, पण त्यात जोर नाही. हातउसन्याची पावती, वचनचिठ्ठी म्हणजे प्रॉमिसरी नोट, आणि कर्जाचा करारनामा हे तिन्ही कागद गावात एकच समजले जातात. कोर्टात मात्र तिघांचे वजन वेगळे आहे.

एक उदाहरण धरून चालू

समजा, दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मूर्तिजापूर तालुक्यातल्या आपल्या मित्राला १० जून २०२४ रोजी दोन लाख रुपये हातउसने दिले. दिवाळीनंतर परत करायचे ठरले. दिवाळी गेली, दुसरी दिवाळीही गेली. आता घेणारा म्हणतो, "ते पैसे उसने नव्हतेच. माह्या कापसाचे अन् बैलजोडीचे पैसे तुह्याकडून येणं होते, ते तू दिले."

आता देणाऱ्याला कोर्टात दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. पैसे दिले ही पहिली, आणि ते परत करण्याच्या बोलीवर दिले ही दुसरी. कोणता कागद यातली कोणती गोष्ट सिद्ध करतो, एवढाच खरा फरक आहे.

हातउसन्याची पावती: पैसे मिळाले, पण कशाचे?

पावती म्हणजे पैसे मिळाल्याची कबुली. "दोन लाख रुपये रोख मिळाले" असे लिहून खाली सही. पाच हजारांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे लागते. हे तिकीट पोस्टात मिळते.

अशी पावती पहिली गोष्ट सिद्ध करते, दुसरी नाही. आपल्या उदाहरणातल्या घेणाऱ्याने "हो, मिळाले ना, पण कापसाचे मिळाले" म्हटले की सगळा भार देणाऱ्यावर येतो. मग साक्षीदार आणा, बँकेचे उतारे आणा, असे करत दावा लांबतो.

पावतीच करायची असेल तर तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. रक्कम हातउसनी घेतली आहे, ती अमुक तारखेपर्यंत परत करायची आहे, आणि ती रोख, चेकने की फोनपेवरून मिळाली. पण एवढे लिहिले की ती नुसती पावती उरत नाही. कारण कोर्ट कागदाचे शीर्षक बघत नाही, आतला मजकूर बघते. वर "पावती" लिहिले आणि खाली ठरलेली रक्कम देण्याचे बिनशर्त वचन असले तर तो कागद वचनचिठ्ठी ठरू शकतो. मग त्याला वचनचिठ्ठीचे सगळे नियमही लागतात.

वचनचिठ्ठी: छोटा कागद, मोठा जोर

वचनचिठ्ठीचा कायदा १८८१ चा आहे. परक्राम्य संलेख अधिनियम असे त्याचे नाव. चेक बाऊन्सची केस ज्या कायद्याखाली चालते, तोच हा. त्याच्या कलम ४ प्रमाणे वचनचिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर पैसे घेणाऱ्याची सही हवी, आणि तिच्यात ठरावीक रक्कम ठरावीक माणसाला किंवा त्याच्या आदेशानुसार देण्याचे बिनशर्त वचन हवे.

तिचा मोठा फायदा कलम ११८ मध्ये आहे. एकदा सही घेणाऱ्याचीच आहे हे सिद्ध झाले की कोर्ट धरून चालते की या चिठ्ठीच्या बदल्यात त्याला मोबदला मिळाला होता. "मले पैसे भेटलेच नाही" हे आता घेणाऱ्याला दाखवावे लागते. पावतीत देणाऱ्याच्या डोक्यावर असलेला भार इथे समोरच्याच्या डोक्यावर जातो. अर्थात घेणारा पुरावा देऊन हे गृहीतक खोडू शकतो.

पण या कागदात चुकीला जागा कमी आहे. गावात नेहमी होणाऱ्या चुका चार.

पहिली चूक अटीची. "सोयाबीन विकल्यावर देईन" किंवा "पीककर्ज मंजूर झाल्यावर देईन" असे लिहिले की वचन बिनशर्त राहत नाही. सोयाबीन विकलेच नाही तर काय, हा प्रश्न उभा राहतो. कायद्यातच याचे उदाहरण आहे: अमक्या बाईशी लग्न झाल्यावर सात दिवसांनी पैसे देईन, असे लिहिलेला कागद वचनचिठ्ठी होत नाही. तसेच पैशाबरोबर वस्तू जोडली, म्हणजे "पन्नास हजार आणि दोन क्विंटल तूर देईन" असे लिहिले, तरी ती वचनचिठ्ठी राहत नाही.

दुसरी चूक तिकिटाची, आणि ही सगळ्यात महाग पडते. मागताक्षणी देय असलेल्या वचनचिठ्ठीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट चालते. ते सही करण्याआधी किंवा सहीच्या वेळीच लावायचे आणि सही तिकिटावरून आडवी जाईल अशी घ्यायची, म्हणजे तिकीट पुन्हा वापरता येत नाही. सही तिकिटाच्या बाजूला आणि तिकीट कोरे, असे असेल तर कायद्याच्या नजरेत तिकीट लावलेच नाही. इतर बऱ्याच कागदांत कमी पडलेली मुद्रांक ड्युटी दंडासह भरून कागद पुराव्यात घेता येतो. वचनचिठ्ठीला ती सवलत नाही. तिकीट चुकले की कागद पुराव्यातून बाद, मग दंड भरायची कितीही तयारी असो.

तिसरी चूक तारखेची. "१५ डिसेंबरला देईन" अशी मुदतीची वचनचिठ्ठी लिहिली तर तिची ड्युटी रकमेवर ठरते. तिथे एक रुपयाचे तिकीट पुरत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे ही कसर नंतर भरून निघत नाही. म्हणून वचनचिठ्ठीत "मागताक्षणी" हाच शब्द ठेवावा. मुदत ठरवायचीच असेल तर करारनामा करावा.

चौथी चूक साक्षीदारांची. दोन साक्षीदार घेतले की कागद पक्का होतो, असे आपल्याकडे सगळे मानतात. वचनचिठ्ठीला साक्षीदाराची गरज नाही. उलट कागदावर साक्षीदाराची सही आहे आणि "किंवा आपल्या आदेशानुसार" हे शब्द नाहीत, तर मुद्रांक कायद्याप्रमाणे तो कागद बंधपत्र ठरतो आणि त्याची ड्युटी जास्त लागते. बंधपत्राची कमी ड्युटी दंडासह भरता येते, त्यामुळे कागद अगदी वाया जात नाही. पण दावा तिथेच अडतो आणि खर्च वाढतो.

चुका टाळून लिहिलेली साधी वचनचिठ्ठी अशी असते:

> ठिकाण: दर्यापूर, दिनांक: १० जून २०२४
>
> मी (पूर्ण नाव, वय, राहणार) लिहून देतो की, मी श्री. (पूर्ण नाव, राहणार) यांना किंवा त्यांच्या आदेशानुसार इतर व्यक्तीस रुपये २,००,०००, अक्षरी दोन लाख रुपये फक्त, मागताक्षणी देण्याचे वचन देतो. ही रक्कम मला आज रोजी बँक खात्यातून मिळाली आहे.
>
> (एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावरून आडवी सही)

व्याज ठरले असेल तर दर चिठ्ठीतच लिहावा. दर लिहिला नसेल तर याच कायद्याच्या कलम ८० प्रमाणे पैसे देय झाल्यापासून वर्षाला १८ टक्के व्याजाची तरतूद आहे. साध्या पावतीला ही तरतूद लागत नाही.

चिठ्ठी झाल्यावर तिच्यात काही खोडू नये, वाढवू नये. रक्कम, तारीख किंवा व्याज समोरच्याच्या संमतीशिवाय बदलले तर चिठ्ठी रद्दबातल होते. कोऱ्या कागदावर सही घेऊन नंतर मजकूर भरण्याची पद्धतही देणाऱ्याच्याच अंगलट येते. शाई वेगळी, अक्षर वेगळे दिसले की कोर्टाला संशय येतो.

करारनामा: सगळे ठरलेले लिहायची जागा

वचनचिठ्ठीत मुदत, हप्ते, अट, जामीनदार असे काही नीट बसत नाही. करारनाम्यात ते सगळे बसते. मुद्रांक कागदावर दोन्ही बाजू सह्या करतात आणि साक्षीदार घ्यायलाही हरकत नसते.

आपल्या उदाहरणात करारनामा असता तर त्यात असे लिहिता आले असते: दोन लाख रुपये १० जून २०२४ रोजी अमुक बँकेच्या खात्यातून दिले. एक लाख १५ डिसेंबर २०२४ पर्यंत आणि उरलेले एक लाख १५ मार्च २०२५ पर्यंत परत करायचे. पहिला हप्ता चुकला तर पूर्ण रक्कम लगेच मागता येईल. "हे पैसे कापसाच्या किंवा इतर कोणत्याही व्यवहाराचे नाहीत" ही एक ओळ लिहिली असती तर घेणाऱ्याचा आजचा बचाव तिथेच कोसळला असता.

करारनाम्याची खरी ताकद जामीनदारात आहे. जामीनदाराने करारातच सही केली तर कराराच्या कायद्याप्रमाणे त्याची जबाबदारी घेणाऱ्याइतकीच असते. करारात वेगळे ठरले नसेल तर आधी घेणाऱ्यावर दावा करून हरावे, मग जामीनदाराकडे जावे, असे बंधन नाही. दोघांवर एकत्र दावा करता येतो.

मुद्रांक कागदाला गावात "बाँड" म्हणतात आणि शंभराचा बाँड घेतला की काम झाले, असे समजतात. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांची शंभर रुपयांची ड्युटी पाचशे केली आहे. त्यामुळे कागद घेण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात मजकूर दाखवून किती ड्युटी लागते ते विचारावे. नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्री नव्हे आणि त्याने कमी ड्युटीही भरून निघत नाही. नोटरीने फायदा एवढाच, की त्या दिवशी त्या माणसाने समोर बसून सही केली याला आधार मिळतो. नुसत्या पैशाच्या करारनाम्याला रजिस्ट्री लागत नाही. जमीन गहाण ठेवायची असेल तर गहाणखताची रजिस्ट्री लागते.

काही जण तारण म्हणून समोरच्याचा सातबारा ठेवून घेतात. त्याचा उपयोग शून्य. सातबारा कोणालाही काढता येतो. तो आपल्या कपाटात ठेवल्याने जमिनीवर आपला हक्क येत नाही.

तीन वर्षांचा हिशेब

कागद कितीही चांगला असला तरी मुदत संपल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. उसने पैसे वसूल करण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. फरक आहे तो ही तीन वर्षे कधीपासून मोजायची यात.

मागताक्षणी देय वचनचिठ्ठीत मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून मोजतात, पैसे मागितल्याच्या दिवसापासून नाही. म्हणजे १० जून २०२४ च्या चिठ्ठीवर १० जून २०२७ पर्यंत दावा दाखल व्हायला हवा. परतीची तारीख न लिहिलेल्या पावतीतही पैसे दिल्याच्या दिवसापासूनच मोजणी होते. करारनाम्यात मात्र ठरलेली तारीख चुकल्यापासून मोजतात. १५ डिसेंबर २०२४ चा हप्ता चुकला तर त्यासाठी १५ डिसेंबर २०२७ पर्यंत वेळ मिळतो.

"देतो ना बा, थोडा थांब" असे तोंडी ऐकून ही मुदत वाढत नाही. मुदत संपायच्या आत घेणाऱ्याने "अमुक रक्कम देणे बाकी आहे" असे लिहून तारखेसह सही दिली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे सुरू होतात. त्याने थोडे पैसे परत केले तरीही मुदत नव्याने सुरू होऊ शकते, पण त्या भरण्याची नोंद त्याच्या अक्षरात किंवा सहीने हवी. म्हणून फोनपेवर वीस हजार आले म्हणून स्वस्थ बसू नये. कागदाच्या मागे "आज वीस हजार दिले, बाकी एक लाख ऐंशी हजार" असे लिहून घेणाऱ्याची सही घ्यावी.

दावा कसा चालतो

वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. यात समन्स मिळाल्यावर प्रतिवादीला दहा दिवसांत हजर व्हावे लागते, आणि नंतर बचाव करण्यासाठी कोर्टाची परवानगी मागावी लागते. बचावात दम नसेल तर लांब साक्षीपुराव्याशिवाय हुकूमनामा होऊ शकतो. नुसत्या "मिळाले" एवढ्या पावतीवर हा मार्ग साधारणपणे मिळत नाही.

दावा घेणारा जिथे राहतो तिथे लावता येतो, किंवा व्यवहार जिथे झाला तिथे. आपल्या उदाहरणात मूर्तिजापूर किंवा दर्यापूर. कागदावर ठिकाण लिहायचे ते यासाठीच. पोलिस ठाण्यात जाऊन वसुली होत नाही. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता असे दिसले तरच फौजदारी बाजू येते, एरवी हा दिवाणी वाद आहे.

हुकूमनामा मिळाला तरी सगळे जप्त करता येत नाही. शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे, आणि पोटापाण्यासाठी लागणारे बैल व बियाणे यांना कायद्याने संरक्षण आहे. म्हणून ज्याच्याकडे वसूल करण्यासारखे काहीच नाही, त्याच्या बाबतीत जामीनदार हाच खरा आधार.

रोख दिले तर?

आयकर कायद्याप्रमाणे वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी रोखीने घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो रकमेइतका असू शकतो. दोघांचेही उत्पन्न शेतीचे असेल आणि दोघांपैकी कोणालाच करपात्र उत्पन्न नसेल, तर सूट आहे. हा नियम मोडला म्हणून कर्जच बुडते असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले.

तरी रोखीत वेगळी अडचण आहे. "याच्याकडे एवढे पैसे होतेच कुठे?" हा बचाव कोर्टात चालतो. कर्नाटकातल्या एका चेकच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर आरोपीच्या बाजूने निकाल दिला, कारण सहा लाख देण्याची आपली ऐपत होती हे पैसे देणाऱ्याला दाखवता आले नव्हते. बँकेतून पाठवलेल्या रकमेला हा प्रश्न येत नाही.

व्याजाचा धंदा असेल तर कागद कामाचा नाही

नात्यात, मैत्रीत एखाद्या वेळी दिलेले हातउसने वेगळे आणि व्याजाने पैसे फिरवणे वेगळे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणे गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही, मग हातात वचनचिठ्ठी असो की करारनामा. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. गावात चार-पाच जणांना व्याजाने पैसे दिलेले असतील तर समोरचा पहिला बचाव हाच घेतो, हे लक्षात ठेवावे.

मग कोणता कागद करायचा?

रक्कम मोठी, परतीची तारीख ठरलेली आणि समोरचा हप्त्याने देणार असेल तर करारनामा. त्यात जामीनदाराची सही आणि पैसे बँकेतून. देणाऱ्याला सगळ्यात जास्त संरक्षण यातच आहे.

तारीख ठरलेली नाही, वेळ कमी आहे आणि समोरचा ओळखीचा आहे, तर मागताक्षणी देय वचनचिठ्ठी. पैसे मिळाल्याचा भार ती समोरच्यावर टाकते. मात्र तिकीट, आडवी सही आणि बिनशर्त शब्द या तिन्हींत चूक नको.

पावती ही शेवटची सोय. काहीच नसण्यापेक्षा बरी. आज हातात फक्त पावती असेल आणि तीन वर्षे उलटली नसतील, तर वाट पाहू नये. घेणाऱ्याकडून "हातउसने घेतलेले दोन लाख रुपये देणे बाकी आहे" असे एका ओळीत लिहून, तारीख टाकून सही घ्यावी. तो सही द्यायला नाही म्हणाला, तर वकिलामार्फत नोटीस पाठवून मुदत संपायच्या आत दावा लावावा. नोटिशीने मुदत वाढत नाही.